पदर घेतलेला फोटो

मोबाईल आल्यापासून माझ्या धंद्यातली भांडणं वाढली, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. तुमसरला बाजाराच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर माझं ब्युटी पार्लर आहे. आधी नवरी यायची, खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "ताई, तुम्हाले जे बरं वाटते ते करा." मी करायचे. आता नवरी येते ती फोटो घेऊन. फोटोतल्या बाईचा अंबाडा एवढा मोठा की त्याच्या आत निम्मे केस विकतचे, आणि आमच्या पोरीची वेणी माझ्या अंगठ्याएवढी. हेच पाहिजे म्हणते. केलं की आरशात बघून तोंड पाडते आणि तिची आई मागून म्हणते, "फोटोत तर असं नव्हतं." अवो बाई, फोटोत तुमची पोरगीच नव्हती.

यावर उपाय काढला माझ्या भाचीनं. ती नागपूरला शिकते, सुट्टीत आली होती. माझी कटकट ऐकून ऐकून कंटाळली आणि तिनं माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यात गिऱ्हाइकाचा फोटो टाकायचा, तिला आवडलेल्या केशरचनेचा फोटो टाकायचा, आणि लिहायचं की या फोटोतले केस तिच्यावर करून दाखव. थोड्या वेळात दिसतं. पहिल्यांदा मी स्वतःवरच करून पाहिलं. छोटे कापलेले केस. मी इतकी भयंकर दिसत होते की भाची जमिनीवर बसून हसली. तेव्हाच मला पटलं की ही वस्तू कामाची आहे. कापल्यावर रडण्यापेक्षा कापायच्या आधी हसलेलं बरं.

मग मी माझी पद्धत बसवली. लग्नाच्या महिनाभर आधी नवरीला बोलवायचं, तिच्या फोटोवर दोन-तीन नमुने करून ठेवायचे आणि समोरासमोर बसून बोलायचं. सेल्फी चालणार नाही, हे मी आधीच सांगते. सेल्फी बऱ्याच मोबाईलमध्ये आरशासारखी उलटी येते, डावीकडचा भांग उजवीकडे दिसतो आणि मी केस भलत्याच बाजूला वळवायचे ठरवून बसते. मशीनच्याही खोडी असतात. केस बदल म्हटलं तर ते चेहराही बदलतं. रंग उजळ करतं, हनुवटी बारीक करतं, कानातले स्वतःच्या मनानं घालतं. म्हणून दरवेळी लिहावं लागतं की चेहरा आहे तसा ठेव, फक्त केस बदल. तरी ऐकत नाही, मग परत करायचं. तयार झालेला फोटो दाखवताना मी एक वाक्य हमखास बोलते, की हे ठरवायसाठी आहे, हे असंच होईल असं नाही. निम्म्या पोरी ते वाक्य ऐकतच नाहीत.

आता जिची गोष्ट सांगते, ती पोरगी मात्र ऐकणाऱ्यातली होती. गावातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावायच्या टेबलावर बसायची. घर नाकाडोंगरीकडच्या एका खेड्यात, रोज बसनं येणं-जाणं. बापाची तलावात मासेमारी. लग्न लाखांदूरच्या मुलाशी ठरलेलं. तिचा स्वतःचा नमुना पहिल्याच बैठकीत ठरला. मी म्हटलं तुझं कपाळ अरुंद आहे, समोर फुगा नको, तर ती बरं म्हणाली. अशा पोरी मिळाल्या तर मी माझं बीपीचं औषध बंद करीन.

उठताना मात्र घुटमळली. "ताई, अजून एक काम आहे. आईचं."

"तिलेही पाठव मंग. आईचं मी प्रेमानं करते, आयांची कटकट नसते."

"ती येतच नाही म्हणते. तेच तर काम आहे." ती परत खुर्चीत बसली. "लग्नाच्या दिवशी स्टेजवर येणार नाही म्हणते. मी मागं स्वयंपाकाकडं पाहीन, मले फोटोत घेऊ नका. डोक्यावरचा पदर काढायचा नाही, आणि पदर घेऊन तिथं बुजगावण्यासारखी उभी राहणार नाही म्हणते. नवऱ्याकडच्या आई अंबाडा घालून, गजरा लावून उभ्या राहतील, आणि माझी आई माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत राहणार नाही." एवढं बोलून तिनं ओढणीनं नाक पुसलं. "तुम्ही मले करून दिलं तसं तिचं करून द्या. डोळ्यानं पाहिलं तर मानन."

मला पोरीचं कौतुक वाटलं. या वयात नवऱ्या आपल्या मेंदीपलीकडे बघत नाहीत. मी म्हटलं, फोटो पाठव.

संध्याकाळी फोटो आला. आई अंगणात उभी, सावळी, गालाची हाडं वर आलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि डोक्यावरून पदर असा घट्ट घेतलेला की दोन्ही कान झाकलेले. आता दुसरीकडच्या कुण्या पार्लरवालीनं हा फोटो बघताच परत पाठवला असता. मी नाही पाठवला. का, तर आमच्याकडं त्या वयाच्या बाईचा फोटो म्हणजे असाच असतो. आधारकार्डावर असाच, देवळाच्या पायरीवर असाच. माझ्या आईचा भिंतीवरचा फोटोही असाच आहे. पदराखाली केस असतात, एवढंच माझ्या डोक्यात. तिथं काय आहे हे मलाही माहीत नाही आणि मशीनलाही माहीत नाही, हे मला सुचलंच नाही.

मशीनला तर मोकळं रानच मिळालं. मी सोबत एका मध्यमवयीन बाईचा फोटो टाकला होता, मधोमध भांग, मानेवर सैलसर अंबाडा, त्याला गजरा. पहिल्या वेळेला त्यानं आईला गोरं केलं. मी चिडून परत केलं. दुसऱ्या वेळेला कुंकू पुसलं. परत केलं. तिसऱ्यांदा जमलं. चेहरा तिचाच, रंग तिचाच, कुंकू जागेवर, आणि पदराच्या जागी दाट केस, कानाजवळ थोडे पिकलेले, कपाळाची कड अगदी स्वच्छ. मी स्वतःवरच खूश झाले. शेजारच्या टेलरबाईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "कोण हाय व, मास्तरीण दिसते." मी तो फोटो पोरीला पाठवून दिला.

 मग एक व्हॉइस मेसेज आला, त्यात आधी नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "ताई, हेच पाहिजे. आईले असंच करून द्या. बाकी मी काहीच मागत नाही." मला वाटलं, आनंदानं रडून राहिली. माझंही मन भरून आलं. मी तिला ठेवणीतलं वाक्य पाठवलं नाही. एवढ्या भावनेत कुठं नियम सांगत बसायचं.

बाजाराच्या दिवशी दुपारी ती आईला घेऊन आली. जिन्यात पाहिलं आणि मी ओळखलं. बाजारात कोपऱ्यावर मासे विकायला बसते ती बाई. मी कितीदा तिच्याकडून झिंगे घेतले होते. भर उन्हात सगळ्या बायका पदर कमरेला खोचून बसायच्या आणि ही एकटी डोकं गुंडाळून बसायची. रीतभात पाळणारी बाई आहे म्हणून मी तिला मानही द्यायचे. टोपली तिनं जिन्याखालीच ठेवली होती. आत येऊन आधी बेसिनवर साबणानं हात धुतले, हुंगले, परत धुतले.

"अवो मावशी, बसा. मासे विकणारीचा हात मासोळीचाच येईन, गुलाबाचा कुठून येईन," मी म्हटलं. ती हसली. खुर्चीच्या काठावर टेकली. लेक मागं भिंतीला लागून उभी राहिली.

मी मोबाईल तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, मग जवळ आणला. बोटानं काचेवर काही पुसल्यासारखं केलं. मी माझ्या कामाची तारीफ ऐकायला कान लावून होते.

"कोण हाय हे?" ती म्हणाली.

"तुम्हीच, मावशी."

"माझा फोटो कुठून आला?"

मी पोरीकडं पाहिलं. पोरगी फरशीकडं बघत होती. म्हणजे आईला विचारलंच नव्हतं. माझं तिथंच डोकं सरकलं, पण मी काही बोलायच्या आत त्या बाईनं मोबाईल मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी पदर मागं घेतला आणि आरशात माझ्याकडं पाहिलं. लेकीकडं नाही, माझ्याकडं.

उजव्या कानशिलाच्या वरून निघून कानामागं उतरत गेलेली जागा केसांविना होती. तळहाताएवढी रुंद, पांढरट, चकचकीत, मधे टाक्यांच्या खुणा, आणि तिच्या कडेनं कपाळाची रेघच उरली नव्हती. आजूबाजूचे केस विरळ. बाकीच्या डोक्यावर मात्र चांगले होते, काळे-पांढरे, तेल लावून मागं बांधलेले. मी इतक्या वर्षांत टक्कल पाहिलं, चाईचे चट्टे पाहिले, डिलिव्हरीनंतर मूठमूठ गळलेले केस पाहिले. हे पाहून माझ्या हातातला कंगवा खाली ठेवला गेला. अशा जागेवर केस उगवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. आणि मी तिथं दाट केस काढून या पोरीच्या हातात दिले होते.

राग माझ्यावर यायला पाहिजे होता, काढला पोरीवर. "तू मले सांगायचं नाही का? मी काय देव आहे?"

"मले वाटलं, मशीननं दाखवलं म्हणजे होत असन," ती पुटपुटली. "मी म्हटलं, तुम्हाले माहीत असन कसं करायचं."

"तिले रागावू नका, बाई," आई म्हणाली. तिचा आवाज बाजारात भाव सांगते तसाच होता. "अस्वल होतं. मोहफुलाचे दिवस होते. पहाटंच गेलो होतो वेचायले, उजाडलं होतं थोडं. हे पोरगी पाच-सहा वर्सांची असन. घरी कोणी नव्हतं म्हणून संगं नेली. हे टोपलीपाशी बसून फुलं खाऊन राहिली होती. अस्वल तिकडूनच निघालं. मी हिच्यावर पडली, आन ते माझ्यावर." मग तिनं तळहात त्या जागेवरून फिरवला, घाम पुसावा तसा. "बाकीच्या बायांनी आरडाओरड केली म्हणून गेलं. भंडाऱ्याले नेलं, तिथून नागपूरले."

 पोरगी दाराच्या कडीशी चाळा करत होती.

अशा वेळी मी काम धरते. मला दुसरं काही येत नाही. म्हटलं, "मावशी, आता तुमच्या परवानगीनं नीट फोटो काढू का? पाहू काय बसते ते. नको वाटलं तर इथंच पुसून टाकीन." ती काढा म्हणाली. तिला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, केस सोडले. मागच्या कॅमेऱ्यानं समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाठीमागून काढले. हेच पहिल्यांदा करायला पाहिजे होतं. केस मुठीत धरून पाहिले. डावीकडं भरपूर होते, उजवीकडं सगळे मिळून एका बोटाच्या जाडीचे.

मशीनला स्पष्ट लिहिलं की उजव्या बाजूची खूण आहे तशीच ठेव. त्यानं केस भरून दिले. परत लिहिलं. परत भरून दिले, यावेळी तर जरा जास्तच. त्याला तसलं डोकं माहीतच नाही, त्यानं पाहिलेल्या सगळ्या बायकांच्या डोक्यावर केस असतात. मी दात ओठ खाऊन दुसरा रस्ता धरला. त्या ॲपमध्ये ब्रश असतो. आपण बोटानं रंगवू तेवढीच जागा ते बदलतं, बाकीच्या फोटोला हात लावत नाही. मी डावी बाजू, माथा आणि मान रंगवली आणि खुणेची जागा सोडून दिली. तेव्हा कुठं खरं चित्र आलं. मग दुसरा नमुना केला, भांग डावीकडं खाली घेऊन, तिकडचे केस माथ्यावरून उजवीकडं वळवून, कानामागं अंबाडा. खूण बरीचशी झाकली जात होती, कानाजवळ थोडी दिसत होती.

"हे मी करून देऊ शकते," मी सांगितलं. "पण आधीच बोलते. पिना त्या जागेवर टोचायच्या नाहीत, ओढून बांधायचं नाही, गरम मशीन तिथं लावायचं नाही. केस डावीकडूनच धरून ठेवावे लागतील. घाम आला, वारा आला, तर सरकतील. मंडपात दर थोड्या वेळानं मले येऊन पाहावं लागन."

पोरगी आता जवळ आली होती. तिनं या नमुन्याकडं पाहिलंच नाही. बोटानं मागं सरकवत सरकवत पहिल्या फोटोवर गेली. "ताई, केसांचा पॅच लावून असं नाही होणार? विकत भेटतात म्हणे. पैसे मी देतो."

"चिमट्याचा पॅच धरायले केस लागतात, ते उजवीकडं नाहीत. चिकटवायचा म्हटलं तर त्या चामडीवर मी डिंक लावणार नाही. आधी डॉक्टरले दाखव, ते हो म्हणाले तर पाहू." माझा आवाज चढला असावा. "आणि एवढं काय आहे त्या फोटोत?"

आईनं तिच्या हातातून मोबाईल घेतला. परत लांब धरला, जवळ आणला. त्या दाट केसांच्या, स्वच्छ कपाळाच्या बाईकडं ती बराच वेळ बघत होती. चेहरा तिचाच होता, मीच तीन-तीनदा करून तो तिचा ठेवला होता.

"बाई चांगली हाय दिसायले," ती म्हणाली. "पण हिले अस्वल भेटलंच नाही. आन भेटलं असन, त हे पोरीले टाकून पळाली असन."

 पोरगी म्हणाली, "आई, असं नको ना बोलू." आणि मग तिला रडू आवरेना. माझ्यासाठी तू तसली झाली, पदर सरकला का लोक बघतात ते मले पाहवत नाही, स्टेजवर सगळे पाहतील आणि मनात म्हणतील की हिच्यापायी झालं. तुटक तुटक असं पुष्कळ बोलली. मला आत्ता कळलं की त्या व्हॉइस मेसेजमध्ये ती कशासाठी रडली होती. तिला आई सुंदर करून नको होती. तिला ती सकाळच पुसून पाहिजे होती.

आईनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "तुले काय वाटते, मी पदर कायले घेतो? लाज वाटते म्हणून? मले कशाची लाज. तू लहान होती, मी केस धुवायले बसली का तू घराबाहेर पळायची. रात्री माझ्या ह्या बाजूनं झोपायची नाही. आरशात मी दिसली का तोंड फिरवायची. म्हणून घेतला. लोकाईले वाटते, रीत पाळते. बाजारात उन्हानं डोकं शिजून जाते माझं, पण म्हटलं, पोरगी दवाखान्यातून येता-जाता दिसन, तिले नको दिसू."

मी बाजारात या बाईला मान देत होते तो कशासाठी आणि खरा द्यायचा कशासाठी होता, हे मला उमजलं आणि मीही डोळ्याला हात लावला. 

मग ती लेकीला म्हणाली, आणि हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की जणू बाजारातून काय आणू विचारून राहिली, "तुले पाहायले जमन का? तुले जमत असन त मी येतो स्टेजवर. पदर नाही घेत."

पोरीनं दोन्ही हातांनी डोळे पुसले. मग खुर्चीच्या उजव्या बाजूला आली. मी बाजूला सरकले. ती वाकली आणि तिनं पाहिलं, कानशिलापासून कानामागंपर्यंत, सगळं. मग एक बोट त्यावरून खाली नेलं.

"किती मोठी आहे," ती म्हणाली. "मले लहानशीच आठवत होती."

"तूच लहान होती," आई म्हणाली.

त्यानंतर ठरवायला फार वेळ लागला नाही. केस सरळ मागं घ्यायचे, मानेवर साधा अंबाडा, गजरा. झाकायचं काही नाही. मी म्हटलं, मावशी, याचा फोटो करायची गरज नाही, हे तर मी झोपेतही करीन. तर मावशी म्हणाल्या, "करा. मले नाही पाहिजे, हिले द्या. आताच पाहून घेऊ द्या, लग्नाच्या दिवशी रडाले नको." मी ब्रश घेतला, खुणेची जागा सोडली, अंबाड्याची आणि गजऱ्याची जागा रंगवली आणि तयार झालेला फोटो पोरीच्या मोबाईलवर पाठवला. पहिला फोटो मी आईसमोर पुसला, पोरीलाही पुसायला लावला. मी इतके नमुने केले आहेत, पण नमुना कशासाठी करायचा हे मला त्या मावशीनं सांगितलं. तेव्हापासून पदर घेतलेला फोटो मी घेत नाही, आणि ज्या बाईचा आहे तिनं स्वतः हो म्हटल्याशिवाय कोणताच घेत नाही. काहींना ते फार वाटतं. वाटू दे.

लग्नाच्या दिवशी मी पहाटेच त्यांच्या गावी गेले. पोरीचं आधी केलं, मग मावशींचं. बाया येऊन येऊन बघत होत्या. कुणी कुजबुजलं, कुणी सरळ विचारलं की आज पदर कुठं गेला. मावशी सगळ्यांना एकच सांगत होत्या, "उकडते व." मला हसू आवरत नव्हतं.

लग्न लागल्यावर फोटोसाठी गर्दी झाली. मी पिनांचा डबा घेऊन स्टेजच्या पायरीशी उभी होते. मावशी वर चढल्या, लेकीच्या डाव्या हाताला उभ्या राहिल्या, त्यामुळं उजवी बाजू पोरीकडं आली, आणि केस मागं घेतलेले असल्यानं खूण समोरून कॅमेऱ्यातही दिसू लागली. लाखांदूरच्या विहीणबाई आपला गजरा सावरत त्या खुणेकडं बघत होत्या. फोटोवाला पोरगा चांगल्या मनाचाच होता. त्यानं कॅमेरा खाली केला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, जरा त्या बाजूनं उभ्या राहा ना. इकडून ते दिसून राहिलं. नाहीतर पदर घ्या थोडा."

मावशींचा हात सवयीनं खांद्यावरच्या पदराकडं गेला. इतक्या वर्षांची सवय, जाणारच. पोरीनं तो हात वरच्यावर धरला आणि आपल्या हातात घट्ट ठेवला. मेंदीचा आणि मासोळीचा, दोन्ही हात मला तिथून दिसत होते.

"दादा," ती म्हणाली, "याच बाजूनं काढा."